एकाआड एक बाद: शेवटी उरणाऱ्याची जागा बायनरीत कशी दडलेली असते

प्रश्न: ४१ सैनिक गोल करून उभे आहेत. पहिला दुसऱ्याला मारतो, तिसरा चौथ्याला, आणि शेवटी एकच उरेपर्यंत हे चालू राहतं. उत्तर १९ येतं. ४१ बायनरीत लिहून डावीकडचा पहिला १ उचलून शेवटी ठेवला तरी १९च मिळतात. हे नेमकं का होतं? आणि माझ्या प्रोग्रॅमचं उत्तर कधी एकाने कमी येतं, कधी भलतंच येतं. चूक कुठे असू शकते?

उत्तर:

आधी बायनरी बाजूला ठेवा आणि सोपी संख्या घ्या. रिंगणात ८ जण आहेत. पहिल्या फेरीत २, ४, ६, ८ बाद होतात. ८ क्रमांकाचा पडला की पाळी पुन्हा १ वर येते, आणि आता रिंगणात ४ जण आहेत: १, ३, ५, ७. पुढच्या फेरीत ३ आणि ७ जातात, पाळी पुन्हा १ वर. मग ५ जातो आणि १ उरतो. प्रत्येक फेरीत माणसं बरोबर निम्मी झाली आणि प्रत्येक फेरी संपली तेव्हा पाळी जिथून सुरू झाली त्याच माणसाकडे परत आली. संख्या १६, ३२ किंवा १०२४ असती तरी हेच झालं असतं. म्हणजे माणसांची संख्या २चा घात असेल, तर ज्याच्यापासून मोजणी सुरू होते तोच वाचतो. सगळ्या कोड्याचा पाया एवढाच आहे.

आता १३ जण घ्या. १३ हा २चा घात नाही, पण म्हणून अडत काही नाही. माणसं एकेक करून कमी होत आहेत, त्यामुळे कधीतरी रिंगणात बरोबर ८ जण उरणारच. त्या क्षणी ज्याची मारण्याची पाळी असेल तो वाचणार, कारण त्याच्या दृष्टीने खेळ नव्याने, आठ जणांचा, त्याच्यापासून सुरू होतो. १३ वरून ८ वर यायला ५ जण बाद व्हावे लागतात. ते कोण? २, ४, ६, ८ आणि १०. दहाव्याला नवव्याने मारलं, आता पाळी अकराव्याची. म्हणून ११ वाचतो.

खात्री करायची असेल तर पूर्ण क्रम लिहून पाहा. १३ जणांत बाद होण्याचा क्रम असा येतो: २, ४, ६, ८, १०, १२, १, ५, ९, १३, ७, ३. उरतो ११. कागदावर हे एकदा स्वतः करावं, कारण बाराव्यानंतर काय होतं तिथेच बहुतेकांचं बोट घसरतं. बारावा गेल्यावर पाळी तेराव्याची, आणि तेराव्याच्या पुढचा जिवंत माणूस म्हणजे पहिला. म्हणून १ बाद होतो. नव्या फेरीला पुन्हा १ पासून मोजायला लागलात तर उत्तर चुकलंच.

यातून सूत्र आपोआप पडतं. एकूण माणसांची संख्या n धरा. n मधून n पेक्षा मोठा नसलेला २चा सर्वांत मोठा घात वजा करा. जी बाकी राहील तिला L म्हणू. L जण बाद झाल्यावर पाळी 2L + 1 क्रमांकाच्या माणसावर असते, कारण तोपर्यंत २, ४, ६ असे सम क्रमांकच पडत आलेले असतात आणि L वा बळी 2L क्रमांकाचा असतो. (पहिली फेरी तोवर संपलेली नसते ना? नसते. L नेहमी n च्या निम्म्याहून कमी असतो, म्हणून 2L हा n च्या आतच राहतो.) ४१ साठी घात ३२, बाकी ९, उत्तर १९.

आता बायनरी. ४१ बायनरीत १०१००१ असं लिहितात, म्हणजे ३२ + ८ + १. डावीकडचा पहिला १ म्हणजेच तो ३२, आपण वजा केलेला सर्वांत मोठा घात. तो उचलला की उरतं ०१००१, म्हणजे ९, आपली बाकी L. बायनरीत दुप्पट करायचं म्हणजे सगळे अंक एक घर डावीकडे सरकवून शेवटी रिकामी जागा करायची. एक मिळवायचा म्हणजे त्या रिकाम्या जागेत १ ठेवायचा. म्हणजे “पहिला १ उचलून शेवटी ठेवा” ही कृती 2L + 1 हेच सूत्र आहे, फक्त अंकांच्या हालचालीच्या रूपात. १०१००१ चं ०१००११ झालं, आणि ते १९. १३ चं ११०१, पहिला १ मागे नेला की १०११, म्हणजे ११.

इथवरचं स्पष्टीकरण बहुतेक ठिकाणी मिळतं आणि ते बरोबरही आहे. पण त्यात बायनरी शेवटी येऊन चिकटल्यासारखी वाटते. खरं तर ती खेळाच्या आतच आहे, आणि फेऱ्या मोजल्या की दिसते.

प्रत्येक फेरीच्या सुरुवातीला दोनच गोष्टी लक्षात ठेवा: रिंगणात किती जण आहेत, आणि पाळी कोणाची आहे. माणसं सम असतील तर फेरीअखेर निम्मे उरतात आणि पाळी त्याच माणसाकडे परत येते. माणसं विषम असतील तर शेवटचा माणूस बळीविना उरतो, आणि तो फेरी सुरू करणाऱ्यालाच मारतो. हा बळीही त्याच फेरीत धरू. मग उरलेल्यांची संख्या म्हणजे निम्म्यातला पूर्णांक भाग, आणि पाळी सुरुवात करणाऱ्याच्या पुढच्या उरलेल्या माणसाकडे जाते.

आता संख्या सम की विषम हे कोण सांगतं? बायनरीतला शेवटचा अंक. आणि निम्मी करून अपूर्णांक सोडणं म्हणजे? तोच शेवटचा अंक खोडून टाकणं. म्हणजे रिंगण प्रत्येक फेरीत n ची बायनरी उजवीकडून एकेक अंक वाचत जातं. अंक ० असेल तर सुरुवात करणारा वाचतो. अंक १ असेल तर तो पडतो आणि पाळी पुढे सरकते. किती पुढे? पहिली फेरी संपते तेव्हा उरलेल्या माणसांत २ चं अंतर असतं, दुसरीनंतर ४ चं, तिसरीनंतर ८ चं. तेवढीच उडी बसते.

४१ वर हे चालवून पाहा. अंक उजवीकडून वाचले तर १, ०, ०, १, ०, आणि शेवटी सर्वांत डावीकडचा १. पहिली फेरी: ४१ जण, विषम, १ क्रमांकाचा पडतो, पाळी २ ने सरकून ३ वर. उरले २०. दुसरी फेरी: सम, पाळी ३ वरच, उरले १०: ३, ७, ११, १५, १९, २३, २७, ३१, ३५, ३९. तिसरी फेरी: सम, पाळी ३ वरच, उरले ५: ३, ११, १९, २७, ३५. चौथी फेरी: पाच जण, विषम. ११ आणि २७ पडतात, ३५ क्रमांकाचा माणूस ३ ला मारतो. पाळी १६ ने सरकून १९ वर. उरले २: १९ आणि ३५. पाचवी फेरी: सम, १९ ने ३५ ला मारलं. एकच माणूस उरला, तो १९.

हिशेब असा झाला: १ पासून सुरुवात, एक उडी २ ची, एक १६ ची. १ + २ + १६ = १९. सर्वांत डावीकडचा १ सोडून ४१ मधले बाकीचे दोन एकचे अंक १ च्या आणि ८ च्या घरात होते. उडी त्यांच्या दुप्पट बसली, म्हणजे २ आणि १६. सर्वांत डावीकडच्या १ ची मात्र उडी बसत नाही, कारण तो अंक उरतो तेव्हा रिंगणात एकटाच माणूस असतो आणि खेळ संपलेला असतो. आणि ज्या १ पासून क्रमांक मोजायला सुरुवात केली, तो बेरजेत शेवटच्या घरात जाऊन बसतो. अंकांचं फिरणं हे असं प्रत्यक्ष रिंगणात घडतं.

आता प्रोग्रॅमकडे वळू. गणनेचा भाग खरं तर दोन ओळींचा आहे:

```python
def survivor(n):
    top = 1 << (n.bit_length() - 1)
    return 2 * (n - top) + 1
```

उत्तर एकाने कमी येतं याची दोन कारणं असतात आणि त्यांचा गोंधळ घालू नका. पहिलं म्हणजे क्रमांक ० पासून मोजणं. तसं असेल तर उत्तर 2L येतं, आणि n हा २चा घात असताना ० येतं. दुसरं कारण म्हणजे खेळाचा नियमच वेगळा असणं: आधी पहिला माणूस बाद, मग तिसरा, मग पाचवा. क्रमांक १ पासूनच असले तरी या नियमात उत्तर 2L येतं, पण n हा २चा घात असेल तर ० ऐवजी n येतं, कारण ० क्रमांकाचा माणूसच नाही. पहिल्याच्या मागे उभा असलेला माणूस म्हणजे शेवटचा. १३ साठी दोन्हीकडे १० दिसतं, म्हणून १३ वर तपासून फरक कळणार नाही. ८ वर तपासा. ० आलं तर क्रमांकाची गडबड, ८ आलं तर नियमाची. १ आलं तर सगळं ठीक.

भलतंच उत्तर येण्यामागे बहुतेकदा यादीतून माणूस काढताना झालेली चूक असते. यादीतला i व्या जागेवरचा माणूस काढला की पुढचे सगळे एक घर मागे सरकतात, म्हणजे i व्या जागी आता पुढचा माणूस आपणहून आलेला असतो. त्याला सोडून त्याच्या पुढच्याला काढायचं आहे, म्हणून पुढची जागा i + 1. इथे i + 2 लिहिलं की पहिल्या बळीनंतर प्रोग्रॅम दर तिसऱ्याला काढू लागतो. ही चूक फसवी आहे, कारण ५ जणांवर चालवली तर उत्तर योगायोगाने ३ येतं आणि ते बरोबर आहे! ४ जणांवर मात्र १ ऐवजी ४ येतं. एकाच उदाहरणावर विसंबून प्रोग्रॅम बरोबर मानला की हेच होतं.

यादीतल्या जागांची ही कटकट नको असेल तर रांग वापरा. पुढचा माणूस मागे नेऊन उभा करायचा, त्याच्या नंतरचा काढून टाकायचा:

```python
from collections import deque

def simulate(n):
    q = deque(range(1, n + 1))
    while len(q) > 1:
        q.append(q.popleft())
        q.popleft()
    return q[0]
```

हा प्रोग्रॅम मोठ्या n ला हळू चालतो, पण त्याचं काम वेगळं आहे: n = १ ते १००० साठी `survivor` आणि `simulate` यांची उत्तरं जुळतात का, एवढं पाहायचं. नुसत्या डोळ्यांनी तपासायचं झालं तरी खुणा ठळक आहेत. n एकेकाने वाढवत गेलं तर उत्तरं अशी येतात: १, मग १, ३, मग १, ३, ५, ७, मग १ पासून १५ पर्यंतचे विषम अंक. उत्तर सम आलं की चूक, n पेक्षा मोठं आलं की चूक, २च्या घाताला १ आलं नाही की चूक. आणि घाताच्या एक आधी, म्हणजे ७, १५, ३१ ला, शेवटचा माणूसच वाचला पाहिजे.

n पेक्षा मोठं उत्तर येण्याचं एक ठरावीक कारण म्हणजे अंक ठरलेल्या रुंदीत फिरवणं. ४१ ला आठ अंकांत लिहिलं तर ००१०१००१ होतं. हे तसंच फिरवलं तर पुढचा ० मागे जातो आणि ०१०१००१०, म्हणजे ८२ मिळतात. ४१ जणांत ८२वा माणूस कुठला? फिरवायचं ते पहिल्या १ पासून पुढचंच, त्याआधीची शून्यं टाकून. मशीनची अंक फिरवण्याची सूचना थेट वापरली की ही चूक हमखास होते, कारण ती सूचना ३२ किंवा ६४ घरं एकत्र फिरवते.

दुसरं कारण जरा खोल आहे. सर्वांत मोठा घात काढायला अनेक जण लॉगॅरिदम वापरतात, `int(math.log2(n))`. लहान संख्यांना ते चालतं. पण २च्या मोठ्या घाताच्या किंचित खाली असलेली संख्या फ्लोटिंग पॉइंट रूपात नेताना वरच्या घाताएवढी धरली जाते. n = 2**60 - 1 घेतलं तर log2 पूर्ण 60.0 देतो, top हा n पेक्षा एकाने मोठा होतो आणि उत्तर चक्क -1 येतं. खरं उत्तर n इतकंच आहे, कारण त्या संख्येच्या बायनरीत सगळे अंक १ आहेत आणि पहिला १ मागे नेऊन काही बदलत नाही. `bit_length` पूर्णांकावरच काम करतं, म्हणून ते वापरावं.

४१ हा आकडा जोसेफसच्या गोष्टीत येतो त्याबद्दल एक खुलासा करायला हवा, कारण तिथे ही युक्ती लावून अनेक जण फसतात. इसवी सन ६७ मध्ये गॅलिलीतल्या योटापाटाचा किल्ला रोमन सेनापती व्हेस्पासियनने जिंकला, तेव्हा तिथला ज्यू सेनापती जोसेफस ४० जणांसह एका गुहेत लपला होता. शरण जाण्यापेक्षा मरण बरं असं बाकीच्यांनी ठरवलं. जोसेफसने स्वतः लिहिलेल्या हकिगतीत रिंगण नाही. चिठ्ठ्या टाकल्या गेल्या, ज्याची चिठ्ठी आधी निघेल त्याला पुढच्याने मारायचं होतं, आणि शेवटी तो व आणखी एक जण उरले. रिंगण आणि मोजणी हे पुढच्या काळातल्या कोडेकारांनी घातलं, आणि त्या कोड्यात ४१ जणांतला दर तिसरा बाद होतो. तिथे शेवटच्या दोन जागा १६ आणि ३१, आणि वाचणारा ३१. बायनरीची युक्ती तिथे लावून १९ सांगितलं तर ते चूक आहे. दर तिसऱ्यासाठी तीनच अंकांच्या त्रिमान पद्धतीत अंक फिरवूनही काम होत नाही: प्रत्येक फेरीत दोन तृतीयांश माणसं उरतात, आणि दोन तृतीयांश करणं म्हणजे कुठल्याही पद्धतीत एक अंक खोडणं नव्हे. तिथे एकेक माणूस वाढवत `(j + 3) % n` अशी पायरीपायरीने गणना करावी लागते, ० पासून मोजून.

जोसेफसच्या हकिगतीत दोघं वाचले, म्हणून एकाआड एकच्या खेळातही दुसऱ्या जागेचा हिशेब करून पाहण्यासारखा आहे. त्यालाही तीच कल्पना पुरते, फक्त पाया बदलतो. तीन जण उरले असताना काय होतं? पाळी असलेला पुढच्याला मारतो, तिसरा त्याला मारतो. म्हणजे तिघांत सुरुवात करणारा सर्वांत शेवटी पडतो. ६, १२, २४ जण असतील तर सम फेऱ्या होत होत पाळी त्याच्याकडेच राहते आणि आपण तिघांवर येतो. म्हणून n मधून ३, ६, १२, २४ यांपैकी n पेक्षा मोठी नसलेली सर्वांत मोठी संख्या वजा करा, बाकीची दुप्पट करून एक मिळवा. तीन किंवा अधिक जण असले की हे लागू पडतं. १३ साठी १३ − १२ = १, जागा ३; वर लिहिलेल्या क्रमात शेवटचा बळी ३च होता. ४१ साठी ४१ − २४ = १७, जागा ३५. चौथ्या फेरीनंतर १९ च्या समोर उरला होता तो हाच. तेव्हा एकाआड एकच्या नियमात दोघांना वाचायचं असेल, तर एकाने १९ व्या आणि दुसऱ्याने ३५ व्या जागी उभं राहायचं आणि दोघंच उरले की खेळ थांबवायचा.